पास झालेल्यांत मुली ४३ टक्के, पण मुलींचा निकाल ८० टक्के: एकाच तक्त्यातले दोन आकडे कसे वाचायचे

प्रश्न: नाशिकरोडला एका शाळेत दहावीला गणित शिकवते. सराव परीक्षेला १२० मुलं आणि ८० मुली बसल्या, त्यातली ८४ मुलं आणि ६४ मुली पास. मुख्याध्यापक म्हणतात पास झालेल्यांत मुली फक्त ४३ टक्के, म्हणजे मुली मागे पडल्या. मी काढलं तर मुली ८० टक्के पास येतंय. नक्की बरोबर कोणतं आणि पालकसभेत काय सांगू?

उत्तर:

मॅडम, दोन्ही आकडे बरोबर आहेत. सरांनी भागाकार नीट केलाय, तुम्हीही नीट केलाय. गडबड आहे ती ४३ च्या पाठोपाठ आलेल्या "म्हणजे मुली मागे पडल्या" या वाक्यात, कारण ४३ हा आकडा त्या प्रश्नाचं उत्तर देतच नाही. मी इथे नाशिकला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, आणि निकाल लागले की ओळखीच्या शाळांचे रिझल्ट ॲनालिसिस बघायला माझ्याकडे येतात, त्यात सगळ्यात जास्त दिसणारी गल्लत हीच. म्हणून जरा सविस्तर लिहितो, तुम्हाला सरांशी बोलतानाही उपयोग होईल.

आधी आकडे तक्त्यात मांडू. नापासाचा रकाना तुम्ही दिला नाहीये पण तो वजाबाकीने येतो, आणि तो मांडायचाच, पुढे त्याचंच जास्त काम आहे.

| | पास | नापास | एकूण |
|---|---|---|---|
| मुली | ६४ | १६ | ८० |
| मुलं | ८४ | ३६ | १२० |
| एकूण | १४८ | ५२ | २०० |

आता फक्त ६४ या एका खान्याकडे बघा. हा ६४ तीन वेगवेगळ्या एकूणांनी भागता येतो. आडव्या ओळीच्या टोकाला ८० आहे, त्याने भागलं की ८० टक्के. उभ्या रकान्याच्या तळाला १४८ आहे, त्याने भागलं की ४३.२ टक्के. आणि कोपऱ्यातल्या २०० ने भागलं की ३२ टक्के. मुली त्याच, त्यांचे पेपर तेच, तरी तीन टक्केवाऱ्या, आणि तिन्ही खऱ्या. ८० टक्के म्हणजे मुलींपैकी किती पास झाल्या. ४३.२ टक्के म्हणजे पास झालेल्यांपैकी किती मुली आहेत. ३२ टक्के म्हणजे सगळ्या परीक्षार्थींपैकी किती जण "मुलगी आणि शिवाय पास" या गटात बसतात.

मी मुलांना एकच सवय लावतो, वाक्यात "पैकी" घालून बघायचं. "पैकी" च्या आधी जो गट येतो तोच छेद, म्हणजे खालचा आकडा. "मुलींपैकी पास" म्हटलं की खाली ८०, "पास झालेल्यांपैकी मुली" म्हटलं की खाली १४८. अडचण अशी की बोलताना आणि रिपोर्टमध्ये आपण "पैकी" गाळून टाकतो आणि "पास मुलींची टक्केवारी" असं काहीतरी लिहितो, आता या तीन शब्दांत खाली ८० घ्यायचे की १४८ की २०० हे कुणालाच सांगता येणार नाही, लिहिणाऱ्याला एक वाटतं आणि वाचणारा दुसरंच धरून चालतो. रिपोर्टमध्ये असं शीर्षक दिसलं तर तुम्ही टक्केवारी तपासायच्या आधी ते शीर्षकच बदलून घ्या.

आणि समोर तयार टक्केवारीचा तक्ता आला, मूळ संख्या दिल्याच नाहीत, तर छेद कोणता होता हे कसं ओळखायचं? कुठे बेरीज १०० होते ते बघा. मुलींच्या ओळीत ८० आणि २० लिहिलेत, आडवी बेरीज १०० झाली, म्हणजे प्रत्येक ओळ तिच्या स्वतःच्या एकूणाने भागलीये, तिथून "मुलींपैकी पास" वाचता येतं. पासच्या रकान्यात ४३.२ आणि ५६.८ दिसले, उभी बेरीज १००, म्हणजे रकान्याने भागलंय, तिथून "पास झालेल्यांपैकी मुली" वाचायचं. आणि ३२, ८, ४२, १८ असे चार आकडे असतील आणि चारही मिळून १०० होत असतील तर सगळं २०० ने भागलेलं आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे पण ती न करता लोक उभ्या टक्केवारीचा तक्ता आडवा वाचतात, म्हणजे मुलींच्या ओळीत ४३.२ आणि ३०.८ बघतात आणि म्हणतात मुली ४३ टक्के पास आणि ३१ टक्के नापास, आणि मग उरलेल्या २६ टक्के मुली गेल्या कुठे हे कुणी विचारत नाही.

एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करत असाल तर तिथेही हेच तीन पर्याय असतात. आकड्यावर राइट क्लिक करून `Show Values As` मध्ये गेलात की `% of Row Total`, `% of Column Total` आणि `% of Grand Total` दिसतात. ओळीत मुली-मुलं आणि रकान्यात पास-नापास ठेवलं असेल तर मुलींचा निकाल पहिल्या पर्यायाने मिळतो आणि सरांचे ४३ दुसऱ्या पर्यायाने. पण कुणी तक्ता फिरवून ठेवला, म्हणजे ओळीत पास-नापास आणि रकान्यात मुली-मुलं, तर हे नेमकं उलटं होतं, त्यामुळे "रो म्हणजे बरोबर, कॉलम म्हणजे चूक" असं पाठ करू नका, छेदात कोणता गट पडतोय तेच बघा. मला स्वतःला सरळ फॉर्म्युला जास्त आवडतो कारण त्यात छेद डोळ्यांसमोर राहतो. समजा बी कॉलममध्ये मुलगा-मुलगी आणि सी कॉलममध्ये पास-नापास भरलंय:

```
=COUNTIFS(B:B,"मुलगी",C:C,"पास")/COUNTIF(B:B,"मुलगी")
=COUNTIFS(B:B,"मुलगी",C:C,"पास")/COUNTIF(C:C,"पास")
```

वरचा भाग दोन्हीकडे सेम आहे, फरक सगळा भागाकाराच्या चिन्हानंतर. पहिल्याचं उत्तर ०.८०, दुसऱ्याचं ०.४३२.

आता सरांच्या मुद्द्याकडे येतो. ४३ ऐकल्यावर मनात आपोआप ५० येतात. निम्म्याहून कमी, म्हणजे मागे. पण तुमच्या वर्गात मुली मुळात निम्म्या नाहीतच, २०० मध्ये ८० म्हणजे ४० टक्के आहेत. आता असं करून बघा, सगळ्याच्या सगळ्या ८० मुली पास झाल्या असत्या, एकही नापास नाही, मुलींचा निकाल १०० टक्के, आणि मुलांचे ८४ तसेच राहिले असते. मग पास झालेले एकूण १६४ आणि त्यात मुली ८०, म्हणजे ४८.८ टक्के. म्हणजे मुलींनी शंभर टक्के निकाल लावला असता तरी मुलांचे ८४ पास असताना हा आकडा पन्नासला पोचला नसता! जो आकडा पूर्ण निकाल लागूनही पन्नासच्या खाली राहतो त्याची तुलना पन्नासशी करून मुली मागे की पुढे ठरवणं बरोबर नाही. हे एवढं एक उदाहरण सरांना दाखवा, माझा अनुभव आहे की यानंतर फार समजवावं लागत नाही.

पण याचा अर्थ ४३ फेकून द्यायचे असा नाही. तो आकडा कामाचा आहे, फक्त त्याच्या शेजारी बसवायचा आकडा ५० नाही, ४० आहे. परीक्षेला बसलेल्यांत मुली ४० टक्के होत्या, पास झालेल्यांत ४३.२ टक्के झाल्या, म्हणजे त्यांचा वाटा वाढला. वाटा वाढला याचा अर्थ मुलींचा निकाल एकूण निकालापेक्षा चांगला लागला, आणि घटला असता तर निकाल कमी लागला असता. यात अंदाजाचा भाग काहीच नाही, हे पक्कं गणित आहे. ४३.२४ ला ४० ने भागा, १.०८१ येतात. आता मुलींचा निकाल ८० घ्या आणि वर्गाचा एकूण निकाल, म्हणजे २०० मध्ये १४८, ७४ टक्के, त्याने भागा. परत १.०८१. दोन्ही वेळा आपण तेच चार आकडे वापरतोय, वर ६४ आणि २००, खाली ८० आणि १४८, फक्त भागायचा क्रम वेगळा. म्हणून सरांच्या बाजूने गेलं काय आणि तुमच्या बाजूने गेलं काय, जोडीचा आकडा बरोबर निवडला तर निष्कर्ष एकच निघतो: मुलींची कामगिरी वर्गाच्या सरासरीपेक्षा साधारण ८ टक्क्यांनी सरस. दोन टक्केवाऱ्या भांडतायत असं वाटलं की समजायचं, कुठेतरी जोडीचा आकडा चुकीचा घेतलाय.

(एकूण निकाल काढताना ८० आणि ७० ची सरासरी ७५ काढू नका हं. मुलं जास्त आहेत म्हणून एकूण निकाल मुलांच्या ७० कडे सरकतो आणि ७४ येतो. हाच सरकण्याचा भाग पुढे वापरणार आहे.)

आता नापासाचा रकाना. पासच्या बाजूने बघितलं तर मुलींचा वाटा ४० वरून ४३ झाला, तीनच टक्के, कुणी म्हणेल यात काय विशेष. नापासाच्या बाजूने बघा. ५२ नापास, त्यात मुली १६, म्हणजे ३०.८ टक्के. वर्गात ४० टक्के असलेल्या मुली नापासांत ३१ टक्केच आहेत. तोच निकाल, तोच फरक, पण इकडून तो तिप्पट मोठा दिसतो. कारण साधं आहे, पास झालेले १४८ म्हणजे जवळजवळ पाऊण वर्ग आहे, आणि वर्गातले बहुतेक जण ज्या गटात आहेत त्या गटाची मुला-मुलींची विभागणी वर्गासारखीच दिसणार, ती फार हलूच शकत नाही. नापासाचा गट लहान, त्यामुळे तिथे फरक उघडा पडतो.

बोर्डाच्या निकालात हे फारच ठळक दिसतं. मार्च २०२४ च्या दहावीचे राज्य मंडळाचे आकडे घ्या: एकूण निकाल ९५.८१ टक्के, मुलींचा ९७.२१, मुलांचा ९४.५६. आपल्या नाशिक विभागाचे, म्हणजे नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार मिळूनचे आकडेही बोर्ड याच पद्धतीने देतं, तुम्ही नंतर त्यावर हे करून बघू शकता. बातमीत ठळकपणे येतं ते "मुलींची बाजी", आणि ते खरंही आहे. पण पास झालेल्यांत मुली किती टक्के हे या तीन आकड्यांतून सांगता येईल का? मुलींची संख्या दिलेली नसली तरी येतं.

एकूण निकाल हा मुलांच्या आणि मुलींच्या निकालाच्या मध्ये कुठेतरी पडतो, आणि तो नक्की कुठे पडतो यावरून मुली किती होत्या ते कळतं. मुलांच्या ९४.५६ पासून मुलींच्या ९७.२१ पर्यंत अंतर २.६५. मुलांच्या ९४.५६ पासून एकूण ९५.८१ पर्यंत अंतर १.२५. आता १.२५ भागिले २.६५ म्हणजे ०.४७२. परीक्षेला बसलेल्यांत मुली साधारण ४७ टक्के. मुलं-मुली सारख्या असत्या तर एकूण निकाल बरोबर मधोमध, ९५.८९ च्या आसपास आला असता, तो किंचित मुलांच्या बाजूला आहे म्हणजे मुलं जास्त होती. दोन दशांशांपर्यंतच आकडे दिलेले असल्यामुळे या उत्तरात जवळजवळ अर्धा टक्का इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून "साधारण ४७" एवढंच म्हणायचं, ४७.१७ लिहून उगाच अचूकपणाचा आव आणायचा नाही. आणि मुलामुलींचे निकाल एकमेकांच्या फारच जवळ असतील, समजा फरक ०.१ चाच असेल, तर ही युक्ती वापरू नका, तिथे छेद इतका लहान होतो की राउंडिंगची चूकच उत्तर ठरवते.

आता १००० परीक्षार्थी धरू. मुली ४७२, मुलं ५२८. मुलींपैकी ९७.२१ टक्के म्हणजे ४५९ पास, १३ नापास. मुलांपैकी ९४.५६ टक्के म्हणजे ४९९ पास, २९ नापास. पास एकूण ९५८, त्यात मुली ४५९, म्हणजे ४७.९ टक्के. म्हणजे बघा, राज्यात मुलींचा निकाल मुलांपेक्षा वरचढ असूनही पास झालेल्यांत मुली निम्म्याहून कमीच होत्या, तुमच्या वर्गातलीच गोष्ट राज्याच्या पातळीवर. आणि वाटा ४७.२ वरून फक्त ४७.९ झाला, जेमतेम हलला. पण नापास ४२, त्यात मुली १३, म्हणजे ३१ टक्के. ४७ वरून थेट ३१! ज्या परीक्षेत ९५ टक्क्यांच्या वर पोरं पास होतात तिथे "पास झालेल्यांत मुली किती" हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही, तो आकडा दरवर्षी बसलेल्यांच्या प्रमाणाजवळच घुटमळणार. तिथे नापासांचा रकाना बघायचा. मला वाटतं शाळांच्या रिपोर्टमध्ये हा रकाना लोक संकोचाने गाळतात, पण मदत कुणाला लागणार आहे हे तिथूनच कळतं. तुमच्याच तक्त्यात ५२ नापासांपैकी ३६ मुलं आहेत, ६९ टक्के, म्हणजे जादा तास लावायचे तर वर्गात कोण जास्त बसणार आहे हे सांगणारा आकडा हाच, इथे मुलांच्या नापासीच्या ३० टक्क्यांचा काही उपयोग नाही. जादा तासाचं नियोजन करताना "नापासांपैकी मुलं किती" हवं असतं, आणि शिकवणं कुणापर्यंत पोचत नाहीये हे बघताना "मुलांपैकी नापास किती" हवं असतं. कोणती टक्केवारी काढायची हे काम काय करायचंय त्यावर ठरतं.

निकालाबाहेरचं एक उदाहरण देतो, तुमच्या वर्गात दिंडोरी-निफाडकडची द्राक्षवाल्यांची पोरं असतील तर त्यांना चटकन भिडेल. समजा पॅकहाऊसला एका दिवशी ५०० क्रेट आले, ३५० पहिल्या बागेचे आणि १५० दुसऱ्या बागेचे (आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत). रिजेक्ट झाले ३६, त्यात पहिल्या बागेचे २१ आणि दुसऱ्या बागेचे १५. सुपरवायझर म्हणाला, रिजेक्ट मालातला ५८ टक्के माल पहिल्या बागेचा आहे, तिथलाच माल खराब. पण पहिल्या बागेचा मालच ७० टक्के होता. ७० टक्के माल देऊन रिजेक्शनमध्ये वाटा ५८, म्हणजे ही बाग सरासरीपेक्षा चांगली. बागेच्या बाजूने भागून बघितलं तर पहिल्या बागेच्या ३५० पैकी २१, म्हणजे ६ टक्के रिजेक्ट, आणि दुसऱ्या बागेच्या १५० पैकी १५, म्हणजे १० टक्के. जो जास्त माल आणतो त्याचा माल प्रत्येक ढिगात जास्त दिसणारच, चांगल्या ढिगातही आणि वाईट ढिगातही. मोठा गट आणि वाईट गट यातली ही गल्लत शाळेतही तशीच होते: "नापासांत सगळ्यात जास्त पोरं अ तुकडीची" असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं, अ तुकडीत मुळात पोरं किती आहेत.

आता एक मर्यादा पण सांगून ठेवतो, कारण सरांना पटल्यावर गाडी उलट्या टोकाला जाऊ नये. मुली ८० टक्के आणि मुलं ७० टक्के, दहा टक्क्यांचा फरक ऐकायला मोठा वाटतो. तो किती पोरींचा फरक आहे ते बघा. मुलींचा निकालही वर्गाइतकाच, ७४ टक्के लागला असता तर ८० पैकी ५९ मुली पास झाल्या असत्या. प्रत्यक्षात झाल्या ६४. म्हणजे सगळा फरक पाच मुलींचा. पाच मुलींचा फरक एखादा पेपर सोपा-अवघड गेल्यानेही पडू शकतो, काठावर दोन-तीन मार्कांनी सुटलेल्या असतील तर अजूनच. २०० जणांच्या तक्त्यात एवढ्या फरकाची नेहमीची कसोटी लावली तर तो "योगायोगाने येऊ शकतो" या बाजूलाच राहतो. म्हणून "या सराव परीक्षेत मुलींचा निकाल जास्त लागला" हे ठामपणे म्हणा, ते मोजलेलं आहे, पण "आपल्या शाळेत मुली गणितात मुलांपेक्षा हुशार" असं एका तक्त्यावरून कुणाला म्हणू देऊ नका. पूर्वपरीक्षेचा तक्ता आला की परत बघा, फरक त्याच बाजूला तेवढाच राहिला तर मग विचार करण्यासारखं आहे.

पालकसभेत मी तुमच्या जागी असतो तर साधारण असं बोललो असतो: "परीक्षेला ८० मुली आणि १२० मुलं बसली होती. मुलींपैकी ६४ म्हणजे ८० टक्के पास झाल्या, मुलांपैकी ८४ म्हणजे ७० टक्के पास झाले, शाळेचा एकूण निकाल ७४ टक्के. ५२ जण नापास आहेत, त्यांपैकी ३६ मुलं आणि १६ मुली, आणि या सगळ्यांसाठी जादा तास घेणार आहोत." प्रत्येक टक्केवारीच्या आधी मूळ संख्या आणि "पैकी", एवढं पाळलं की कोपऱ्यातून कुणी पालकांनी उठून विचारलं तरी अडायला होत नाही. ४३ चा आकडा सभेत घेऊ नका असं मी म्हणेन, तो चुकीचा आहे म्हणून नाही, तर तो समजावायला ४० चा आकडाही सांगावा लागतो आणि सभेत तेवढं कुणी ऐकून घेत नाही. पण सरांनी तो घ्यायचाच म्हटलं तर दोन्ही एकत्र सांगा, "बसलेल्यांत मुली ४० टक्के होत्या, पास झालेल्यांत ४३ टक्के आहेत", एकटा ४३ सोडू नका.

आणि सभेच्या आधी एक गोष्ट हजेरीपटावरून नक्की तपासा: हे ८० म्हणजे पटावरच्या मुली की परीक्षेला प्रत्यक्ष बसलेल्या? तुम्ही "बसल्या" लिहिलंय म्हणून मी ८० प्रविष्ट धरलेत, बोर्डही निकालाची टक्केवारी प्रविष्ट झालेल्यांवरच काढतं, नोंदणीवर नाही. पण समजा पटावर ८६ मुली असतील आणि सहा गैरहजर, तर पटाने भागल्यावर तेच ६४ एकदम ७४.४ टक्के होतात, आणि मुलांसाठी एक पद्धत आणि मुलींसाठी दुसरी असं नकळत झालं तर वरची सगळी तुलना ढासळते. गैरहजर असतील तर त्यांना नापासात ढकलू नका आणि गाळूनही टाकू नका, तक्त्यात "गैरहजर" असा तिसरा रकाना करा आणि निकालाची टक्केवारी प्रविष्टांवर काढून खाली तसं लिहा. गैरहजरांत मुली किती आहेत ते पण त्याच वेळी मोजून ठेवा आणि मला इथे कळवा, गैरहजर सगळ्या मुलीच असतील तर तो वेगळा तक्ता करून बघायला हवा.